ऑनलाइन विक्री ४० लाखांवर गेली की जीएसटीचं काय करायचं? वर्ध्याच्या हळदीच्या हिशोबातून समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हजारो छोट्या व्यापाऱ्यांना तिथल्या राज्य कर विभागाच्या नोटिसा आल्या. आधार होता त्यांच्या यूपीआय खात्यांवर चार वर्षांत जमा झालेल्या रकमांचा. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी देशभर गाजली. ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही. पुढे बंदची हाक दिली गेली, मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली आणि भाजी, दूध अशा करमुक्त मालाच्या विक्रेत्यांना दिलासा देण्यात आला.

या सगळ्या गोंधळात एक प्रश्न महाराष्ट्रातही विचारला जाऊ लागला. घरून इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एखाद्या मोठ्या शॉपिंग ॲपवर माल विकणाऱ्याने नोंदणी नेमकी कधी करायची? आणि मर्यादा ओलांडली त्या दिवसापासून काय बदलतं?

उदाहरणासाठी वर्धा जिल्हा घेऊ. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा या भागातली एक महिला हळद दळून पाकिटं भरते, हिंगणघाटला तिचं छोटं दुकान आहे आणि बाकीची विक्री फोनवरून होते. विक्रेती काल्पनिक आहे, नियम खरे आहेत.

मर्यादा एक नाही

"४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २२ मध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी मूळ मर्यादा २० लाखांची आहे. १ एप्रिल २०१९ पासून एका अधिसूचनेने ती ४० लाख केली, पण फक्त मालाची विक्री करणाऱ्यांसाठी. जो मालाबरोबर सेवाही देतो, त्याची मर्यादा २० लाखच राहते. बँकेतल्या ठेवीवरचं व्याज यात धरत नाहीत. मात्र गाळा भाड्याने दिला असेल तर ती सेवा ठरते. म्हणजे आपल्या हळदवालीने हिंगणघाटच्या दुकानाचा अर्धा भाग मोबाइल रिपेअरिंगवाल्याला भाड्याने दिला, तर हळदीच्या धंद्याचीही मर्यादा २० लाखांवर येते. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. ४० लाखांची सवलत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्यांना आहे. करपात्र मालाचं एक पार्सल दुसऱ्या राज्यात गेलं, की कलम २४ लागू होतं आणि विक्री कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. हाताने बनवलेल्या हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात अपवाद आहे, हळद पावडरला नाही.

वर्धा जिल्ह्याची सीमा नागपूर, अमरावती, यवतमाळ आणि चंद्रपूर या चारच जिल्ह्यांना लागते. चारही महाराष्ट्रातले. त्यामुळे दुकानातून विकणाऱ्याला दुसऱ्या राज्याचा प्रश्न सहसा पडत नाही. पण फोनवर ऑर्डर घेणाऱ्याला हैदराबादला नोकरी करणारा भाचा, त्याचे शेजारी, रायपूरची मैत्रीण असे ग्राहक आपोआप मिळत जातात. ३०० रुपयांचं ते पाकीट पोस्टात टाकताना कुणाला कलम २४ आठवत नाही.

तिसरी गोष्ट शॉपिंग ॲपची. जी ॲप दुसऱ्यांचा माल विकतात आणि ग्राहकाचे पैसे स्वतः गोळा करतात, त्यांच्यावर माल विकायचा तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांसाठी ही अट सैल झाली. gst.gov.in वर पॅन आणि व्यवसायाचा पत्ता देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, एकाच राज्यात विकायचं आणि परराज्यात काहीही पाठवायचं नाही. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नोंदणी नव्हे. त्यावर कर आकारता येत नाही आणि रिटर्नही भरावं लागत नाही.

इथे एक बारकावा आहे. या सवलतीची अधिसूचना मर्यादेसाठी थेट कलम २२ कडे बोट दाखवते, आणि त्या कलमात आकडा २० लाखांचा आहे. ४० लाखांचा आकडा वेगळ्या अधिसूचनेतला असून ती अधिसूचना कलम २४ खाली येणाऱ्यांना स्वतःच वगळते. त्यामुळे ॲपवर नावनोंदणी क्रमांकावर विकणाऱ्याने एकूण उलाढाल २० लाखांच्या जवळ आली की ४० ची वाट न पाहता नोंदणी करणं शहाणपणाचं. स्वतःची वेबसाइट, इन्स्टाग्राम पेज किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून थेट विकणाऱ्याला मात्र नेहमीची मर्यादा लागू होते, कारण तिथे पैसे गोळा करणारं तिसरं कुणी मध्ये नसतं.

मर्यादेत काय मोजायचं?

कायद्यातला शब्द आहे "एकूण उलाढाल". एका पॅनवरची देशभरातली सगळी विक्री त्यात येते, करपात्र आणि करमुक्त दोन्ही. नफा मोजत नाहीत, बँकेत जमा झालेली रक्कमही मोजत नाहीत, मोजायची ती विक्री. दीर किंवा नणंद यूपीआयवर पाठवते ती उसनवारी विक्री नव्हे, हे सिद्ध करता यावं म्हणून धंद्याचं खातं वेगळं ठेवलेलं बरं. कर्नाटकातल्या अनेकांची अडचण नेमकी हीच झाली होती.

आपली हळदवाली ओली हळदही विकते. ताज्या, प्रक्रिया न केलेल्या हळदीवर जीएसटी शून्य आहे. पावडरवर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले, तरी मसाल्यांचा हा दर तोच राहिला. ओल्या हळदीवर कर नसला तरी तिची विक्री एकूण उलाढालीत धरावी लागते.

स्वतःच्या शेतातलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीतून सूट आहे, हे खरं. पण ती सूट शेतमालाच्या विक्रीपुरती आहे. हळद उकळून, वाळवून, दळून, पाकिटात भरून विकली की तो शेतमाल राहत नाही, तयार माल होतो. "मी शेतकरी आहे" हे उत्तर पावडरच्या बाबतीत टिकायला अवघड आहे.

आता हिशोब. आर्थिक वर्ष २०२५-२६, डिसेंबरअखेर: दुकानातून पावडर १५ लाख, राज्यातल्या राज्यात पार्सलने पावडर १७ लाख, शेतकऱ्यांकडून घेऊन विकलेली ओली हळद ६ लाख. एकूण ३८ लाख. फक्त पावडर मोजली तर ३२ लाख होतात आणि अजून बराच वाव आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दोनच लाख उरलेत. १२ जानेवारी २०२६ ला एकूण विक्री ४० लाखांच्या पुढे गेली.

मर्यादा ओलांडली त्या दिवसापासूनचे ३० दिवस

१२ जानेवारीला ती नोंदणीस पात्र झाली. अर्ज ३० दिवसांत, म्हणजे ११ फेब्रुवारीपर्यंत करायचा. वर्ष संपायची वाट पाहायची नाही आणि १ एप्रिलला मोजणी शून्यावर गेली म्हणून सुटकाही होत नाही.

आधीच्या ४० लाखांवर कर लागेल का, ही भीती अनेकांना असते. लागत नाही. कर सुरू होतो मर्यादा ओलांडल्यापासून.

वेळेत अर्ज केला तर नोंदणी मागच्या तारखेपासून, म्हणजे १२ जानेवारीपासूनच लागू धरतात. हाच वेळेत जाण्याचा फायदा आहे आणि जबाबदारीही. समजा तिने ५ फेब्रुवारीला अर्ज केला आणि ९ तारखेला प्रमाणपत्र मिळालं. मधल्या चार आठवड्यांत ३ लाख १५ हजारांची पावडर विकली गेली. ग्राहकांकडून कर वेगळा घेतला नव्हता, तेव्हा तो किमतीतच धरला जातो. ३,१५,००० गुणिले ५ भागिले १०५, म्हणजे १५,००० रुपये. ते तिला स्वतःच्या खिशातून भरावे लागतील. म्हणून ३६-३७ लाखांवर असतानाच पुढच्या दरांचा विचार केलेला चांगला.

या काळातल्या बिलांच्या जागी सुधारित बिलं देता येतात, प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात. किरकोळ ग्राहकांसाठी प्रत्येक बिल नव्याने करायची गरज नाही, एकत्रित सुधारित बिल चालतं.

दुसरा फायदा साठ्याचा. ११ जानेवारीला घरात जो माल पडून होता, त्यावर खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेली सुकी हळद, छापील पाऊच, खोकी हे त्यात बसतं, बिलं वर्षाच्या आतली असली तर. दळणाची चक्की बसत नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या हळदीवर कर भरलेलाच नसतो, त्यामुळे तिथे वजावटीचा प्रश्न येत नाही. त्यासाठी पोर्टलवर आयटीसी-०१ हा फॉर्म नोंदणीनंतर ३० दिवसांत भरायचा असतो. ही मुदत गेली की ती वजावट गेली.

उशीर केला तर? समजा तिने मे महिन्यात अर्ज केला आणि २५ मे रोजी नोंदणी मिळाली. आता नोंदणी २५ मेपासूनच लागू होईल, पण कराची जबाबदारी १२ जानेवारीचीच राहील. मधल्या काळात १२ लाख ६० हजारांची पावडर विकली असेल तर कर ६०,००० रुपये. त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. नोंदणी न केल्याचा दंड १०,००० रुपये किंवा चुकवलेला कर, यांपैकी जास्त असेल तो, म्हणजे आणखी ६०,००० पर्यंत. आणि साठ्यावरची वजावट नाही.

उलट चूकही होते. नोंदणी नसताना बिलावर "जीएसटी ५ टक्के" लिहून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. तसे घेतलेले पैसे सरकारजमा करावेच लागतात.

अर्ज कुठे अडकतो?

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. पॅन, आधार, फोटो आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो. गावात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि वीजबिल पुरेसं असतं. घर आणि दुकान दोन्हीकडून माल जात असेल तर एक मुख्य जागा आणि दुसरी अतिरिक्त जागा म्हणून दाखवायची.

बहुतेक अर्ज या जागेच्या कागदांवरच अडतात. अधिकाऱ्याने शंका काढली तर सात कामकाजाच्या दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यावं लागतं. अनेकजण ईमेल बघतच नाहीत आणि अर्ज फेटाळला जातो. यादीबाहेरचे कागद मागू नयेत, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक सोपा मार्ग खुला झाला. नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांपेक्षा कमी राहणार असेल, तर आधार पडताळणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळू शकते.

नोंदणी मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खात्याचा तपशील पोर्टलवर टाकायचा असतो. तो राहिला तर नोंदणी स्थगित होऊ शकते, आणि मग ॲपवरची विक्रीही थांबते.

बिलावर काय हवं?

नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, तारीख आणि सलग क्रमांक. हा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा यायला नको. मालाचं वर्णन, वजन, करपूर्व किंमत, दर, कराची रक्कम. किरकोळ ग्राहकाच्या बिलावर एचएसएन कोड पाच कोटींपर्यंतच्या विक्रेत्याला ऐच्छिक आहे. दुकानदाराला त्याच्या जीएसटी क्रमांकावर विकलं तर चार अंकी कोड हवा. हळदीचा तो ०९१०. दुकानात २०० रुपयांखालच्या विक्रीला ग्राहकाने मागितलं नाही तर वेगळं बिल लागत नाही, दिवसाअखेरीस एक एकत्रित बिल करता येतं.

पार्सलवाल्यांनी सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे ग्राहकाचं राज्य. अमरावतीला पाकीट गेलं तर ५ टक्क्यांचे अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच टक्के राज्याचे. तेच रायपूरला गेलं तर पूर्ण ५ टक्के एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी. ग्राहकासाठी रक्कम तीच, पण रिटर्नमध्ये रकाना वेगळा. पुण्यात राहणाऱ्या मुलीने हैदराबादच्या आईसाठी ऑर्डर दिली, तर बिलावर नोंदवलेला माल पोहोचवण्याचा पत्ता बघायचा. चुकीच्या रकान्यात भरलेला कर पुन्हा योग्य ठिकाणी भरावा लागतो आणि आधीचा परत मागत बसावं लागतं.

ॲपवरच्या विक्रीचं बिल बहुतेक वेळा ॲपच तयार करतं. पण ते विक्रेत्याच्या नावाने असतं आणि चूक निघाली तर जबाबदारीही विक्रेत्याचीच.

रिटर्न: बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

वर्षाला पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही रिटर्न निवडता येतं. विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत. कराचा हिशोब जीएसटीआर-३बी मध्ये, महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. पहिल्या रिटर्नमध्ये १२ जानेवारी ते प्रमाणपत्र मिळेपर्यंतची विक्रीही दाखवावी लागते.

खरी गडबड ॲपच्या विक्रीत होते. नोंदणीनंतर तिने एका ॲपवर विक्री सुरू केली, असं धरू. परत आलेला माल वजा करून महिन्याची विक्री २ लाख १० हजार. त्यात मूळ किंमत २ लाख, कर १० हजार. ॲपने कमिशन ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४०० कापला. शिवाय कायद्याप्रमाणे मूळ किमतीच्या अर्धा टक्का, म्हणजे १,००० रुपये टीसीएस म्हणून कापले (हा दर जुलै २०२४ पूर्वी एक टक्का होता). बँकेत आले १,७३,६००.

अनेक छोटे विक्रेते हीच बँकेतली रक्कम विक्री म्हणून दाखवतात. पण ॲपने त्याच महिन्यात आपल्या जीएसटीआर-८ मध्ये तिच्या क्रमांकासमोर २ लाखांची विक्री कळवलेली असते. दोन आकडे जुळले नाहीत की विभागाचा संगणक तफावत दाखवतो आणि नोटीस निघते.

बरोबर हिशोब असा. विक्रीवर कर १०,०००. कमिशनवर दिलेल्या ५,४०० ची वजावट घेतली की उरतात ४,६००. ॲपने कापलेले १,००० रुपये पोर्टलवर टीडीएस-टीसीएसच्या विभागात जाऊन स्वीकारले की तिच्या रोख खातेवहीत जमा होतात. म्हणजे प्रत्यक्षात भरायचे ३,६००. स्वीकारण्याचं हे बटण दाबलं नाही तर ते हजार रुपये तिच्या खात्यात येतच नाहीत. दर महिन्याला ॲपचा कर अहवाल उतरवून घ्यायचा आणि बँकेच्या पासबुकाऐवजी त्यावरून रिटर्न भरायचं.

कंपोझिशन परवडेल का?

दीड कोटींपर्यंतच्या विक्रेत्याला एक टक्का कर भरून तिमाही चलन आणि वार्षिक रिटर्नवर भागवता येतं. ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवर माल विकणाऱ्यांनाही हा पर्याय आहे. पण परराज्यात विक्री नाही, बिलावर कर लावता येत नाही आणि कमिशनवरच्या १८ टक्क्यांची वजावटही नाही. बहुतांश विक्री दुकानातून आणि विदर्भातच असेल, हळद थेट शेतकऱ्याकडून घेतली जात असेल, तर हा सौदा फायद्याचा. हैदराबादच्या ऑर्डरी वाढत असतील तर नाही.

विक्री नसलेल्या महिन्यांचं काय?

हळदीचा धंदा हंगामी आहे. एखाद्या तिमाहीत काहीच विकलं गेलं नाही तरी शून्य रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये विलंब शुल्क. दीड कोटींपर्यंतच्या विक्रेत्याला एका रिटर्नमागे त्याची कमाल २,००० रुपये, शून्य रिटर्नला ५००. सलग दोन तिमाही रिटर्न भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. धंदा बंदच करायचा असेल तर पोर्टलवरून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करायचा आणि त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं. त्यात उरलेल्या साठ्यावर घेतलेली वजावट परत करावी लागते.